नव्या बेल्टनं झाकलेले जुने रोलर: यवतेश्वर घाटातल्या एका स्कूटरची केस

"आवं दादा, गाडी निस्ती बोंबलतीया, पुढं सरकंना झालीया." मावशींनी गॅरेजच्या दारात स्कूटर लावता लावता हे सांगितलं, आणि त्यांच्या या एका वाक्यात निम्मं निदान होतं. इंजिन दमलेलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या की गाडी गुदमरते, बंद पडते, आवाजच बसतो. त्यांची तक्रार उलटी होती. आवाज चढत होता आणि वेग उतरत होता. बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये असं होतं तेव्हा इंजिन ताकद देत असतं, पण ती मागच्या चाकापर्यंत पोचताना मध्येच कुठेतरी निसटत असते.

माझं गॅरेज साताऱ्यात गोडोलीला आहे. मावशी आणि त्यांचा मुलगा यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्यावर चहा-भजीची टपरी चालवतात. गाडी 110 सीसीची, 2018 सालची, कार्बोरेटरवाली. काट्यावर 38,600 किलोमीटर. रोज सकाळी दोघं माणसं, पायाशी पाण्याचा वीस लिटरचा कॅन, मागे पिठाची आणि कांद्याची पिशवी, आणि आठवड्यातून दोनदा छोटा गॅस सिलेंडर. हा सगळा भार घेऊन गाडी समर्थ मंदिराकडून घाट चढते. कासचं पठार सातारा शहरापेक्षा साधारण साडेचारशे मीटर उंच आहे आणि त्यातली बरीचशी चढण यवतेश्वरपर्यंतच संपते. म्हणजे गाडी रोज थंड असतानाच सगळ्यात जड काम करते.

मावशींकडे एक वही होती. पेट्रोल, ऑइल, पंक्चर, सगळं तारखेसकट लिहिलेलं. अशी वही घेऊन येणारं गिऱ्हाईक मला फार आवडतं, कारण मग अंदाजावर चालावं लागत नाही. वहीत दिसलं की चार महिन्यांपूर्वी, 34,000 वर, दुसऱ्या एका गॅरेजात बेल्ट नवा टाकला होता. त्याच वेळी "मागचं ग्रीसिंग" असंही लिहिलं होतं. बेल्ट ज्या पुढच्या पुलीवर चालतो तिच्या आतल्या रोलरचं नाव पूर्ण वहीत कुठेच नव्हतं. अ‍ॅव्हरेज आधी 45 च्या आसपास मिळायचं, आता 34 वर आलं होतं.

मी मुलाला विचारलं, बेल्ट टाकल्यावर फरक पडला होता का? तो म्हणाला, "पडला की. पंधरा-वीस दिवस एकदम मस्त पळाली. मग परत ये रे माझ्या मागल्या." ही ओळ मी लक्षात ठेवली. पुढे सगळा उलगडा याच वाक्यावरून झाला.

खोलायच्या आधी

बेल्टचं कव्हर खोलायला दहा मिनिटं लागतात, म्हणून बरेच जण आधी खोलतात आणि मग विचार करतात. मी आधी गाडी ऐकतो आणि चालवतो. एकदा पार्ट काढून टेबलावर ठेवले की ते काय त्रास देत होते हे सांगायला ते बोलत नाहीत.

मधल्या स्टँडवर लावून गाडी चालू केली. आयडलला डाव्या बाजूनं, इंजिनाच्या पुढच्या अंगाला, डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तशी खडखड येत होती. रेस जराशी वाढवली की आवाज थांबायचा. ही व्हेरिएटरची, म्हणजे त्या पुढच्या पुलीची खूण. इंजिन हळू फिरत असताना आतल्या रोलरवर बाहेर फेकणारा जोर कमी असतो, ते आपापल्या घरात सैल असतात. रेस दिली की ते दाबून बसतात आणि गप्प होतात. रोलर किंवा त्यांच्यामागच्या प्लेटचे प्लास्टिकचे स्लाइड पीस झिजले की ही खडखड सुरू होते. बेअरिंगचा आवाज असता तर रेसबरोबर तो वाढला असता.

मग एकटाच, बिनओझ्याचा, सपाट रस्त्यावर घेऊन गेलो. सुटताना गाडी बरी सुटली. पंचवीस-तीसच्या दरम्यान मात्र एक अडखळण होती. वेग जरा थांबायचा, इंजिन वर चढायचं आणि मग कोणी मागून ढकलल्यासारखा झटका बसून गाडी पुढे जायची. दर वेळी त्याच वेगाला. आणि पूर्ण अ‍ॅक्सिलेटर देऊनही काटा 62 च्या पुढे सरकेना. या गाडीनं सपाटीवर 80 गाठायला हवं.

परत येऊन मुलाला मागे बसवलं, पाण्याचा भरलेला कॅन पायाशी ठेवला आणि घाटाला लागलो. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणानंतर चढावर अ‍ॅक्सिलेटर पिळला तसं इंजिन एकदम मोकळं सुटल्यासारखं वर गेलं आणि काटा 28 वरून 22 वर आला. बारीक चीं असा आवाज, मागोमाग जळक्या रबराचा वास. अ‍ॅक्सिलेटर अर्धा सोडला की पुन्हा पकड यायची. इथे एक शंका घ्यावी लागते, की घसरतंय ते बेल्ट की क्लच? स्कूटरचा क्लच सुटतानाच्या वेगात घसरतो आणि एकदा गाडी वीसच्या वर गेली की सहसा पूर्ण धरतो. क्लच गेलेली गाडी सुटताना थरथरते आणि रिकामी असली तरी उशिरा उचलते. आमची गाडी सुटताना साफ होती, घसरत होती ती चालत्या वेगात आणि ओझ्याखाली. त्यामुळे माझा संशय बेल्टवर गेला. पण हा संशयच. तापलेला क्लचही असं करू शकतो, म्हणून खात्री कव्हर काढल्यावरच.

काही जण मागचा ब्रेक दाबून धरून अ‍ॅक्सिलेटर देतात आणि घसरण तपासतात. कृपा करून असं करू नका. काही सेकंदांतच क्लचची वाटी निळी पडते आणि मग आपण शोधायला निघालेल्या दोषात एक नवाच दोष मिसळतो.

मार्करची रेघ

कव्हर काढल्यावर मी लगेच बेल्ट उतरवला नाही. पुढच्या पुलीच्या पंखा असलेल्या अर्ध्या भागाच्या आतल्या उताराची दिसणारी जागा पेट्रोलच्या फडक्यानं पुसली आणि जाड मार्करनं मध्यापासून कडेपर्यंत तीन सरळ रेघा ओढल्या. कव्हर परत लावलं, सपाट रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलेटर देऊन दोन किलोमीटर फिरून आलो आणि पुन्हा उघडलं.

बेल्ट जिथपर्यंत चढतो तिथपर्यंतची शाई तो पुसून टाकतो, त्याच्या वरची शाई तशीच राहते. चांगल्या गाडीत कडेला एक-दोन मिलिमीटरचीच शाई शिल्लक राहायला हवी. इथे जवळजवळ सात मिलिमीटर रेघ जशीच्या तशी होती. म्हणजे बेल्ट पूर्ण वर चढतच नव्हता. इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी तिच्या शेवटच्या गिअरला पोचतच नव्हती, आणि 80 चे 62 का झाले ते तिथेच दिसलं.

हे का होतं ते समजायला पुलीचं काम डोळ्यासमोर हवं. पुढची पुली दोन उताराच्या ताटल्यांची असते. एक जागेवर स्थिर, दुसरी आत-बाहेर सरकणारी. सरकणाऱ्या ताटलीच्या पाठीमागे सहा उतरत्या खोबणी असतात आणि प्रत्येकीत एक रोलर. त्यांच्यामागे रॅम्प प्लेट. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, उतारावर चढतात आणि ताटली पुढे ढकलतात. दोन ताटल्या जवळ आल्या की मधला बेल्ट चिमटीत सापडून वर चढतो. पुढच्या बाजूला बेल्ट जितका वर, मागच्या बाजूला तितका खाली, आणि गाडीचा गिअर तितका उंच. मागे मोठी स्प्रिंग असते, ती सतत उलटं ओढत असते. म्हणजे रोलर आणि स्प्रिंग यांची अखंड रस्सीखेच चालू असते आणि बेल्ट हा त्यातला दोर.

आता या चिमटीत बेल्ट किती वर जाईल हे दोन गोष्टी ठरवतात. ताटल्या किती जवळ आल्या, आणि बेल्ट किती रुंद आहे. ताटल्यांचा उतार असा असतो की बेल्टची रुंदी एक मिलिमीटरनं कमी झाली तर तो सुमारे दोन मिलिमीटर खोल बसतो. ताटली एक मिलिमीटर कमी सरकली तरी तोच हिशेब, बेल्ट दोन मिलिमीटर खाली. दोन्ही दोषांचा परिणाम एकच. गाडी चालवणाऱ्याला दोन्हींत फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर नुसतं चालवून मेकॅनिकलाही कळत नाही. म्हणून व्हर्नियर हातात घ्यावाच लागतो.

टेबलावर काय दिसलं

आधी बेल्ट. या मॉडेलचा नवा बेल्ट माझ्याकडे होता, तो मोजला तर 18.4 मिलिमीटर. मावशींच्या गाडीचा 17.2. नुसता आकडा पाहिला तर कोणी म्हणेल, चालेल अजून, कारण साधारणपणे एक ते दीड मिलिमीटर झीज होईपर्यंत बेल्ट चालवतात आणि नेमकी मर्यादा प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेली असते. पण हा बेल्ट फक्त 4,600 किलोमीटर चालला होता. एरवी वीस हजारांच्या पुढे जाणाऱ्या बेल्टनं चार महिन्यांत सव्वा मिलिमीटर घालवणं म्हणजे त्याला कोणीतरी खात होतं.

बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या चकाकत होत्या. चांगल्या बेल्टची कड मिणमिणीत, मऊ, जराशी खरखरीत असते. बोट फिरवलं तर बोट अडतं. इथे बोट सरळ घसरलं. बेल्ट घसरतो तेव्हा त्या जागी उष्णता होते, कडेचं रबर कडक होतं, गुळगुळीत होतं आणि मग आणखी घसरतं. एकदा हे चक्र सुरू झालं की बेल्ट स्वतःहून कधीच बरा होत नाही. आतल्या दात्यांच्या मुळाशी मात्र भेगा नव्हत्या, दोरेही बाहेर आलेले नव्हते. म्हणजे बेल्ट म्हातारा नव्हता, त्याला कमी वयात मारलं होतं.

कव्हरमध्ये काळी भुकटी भरपूर होती. थोडी भुकटी नेहमीच असते, तिचं भय नाही. पण ती कोरडी, फुंकरीनं उडणारी हवी. इथे मागच्या पुलीजवळची भुकटी चिकट होती, बोटाला लागली की काळ्या काजळासारखी पसरत होती. मागच्या पुलीच्या आतल्या उतारावर मध्यापासून कडेकडे गेलेले ओशट ओघळ होते. गोल फिरणाऱ्या भागातून ग्रीस बाहेर फेकलं गेलं की असेच किरणांसारखे ओघळ उमटतात.

वहीतलं "मागचं ग्रीसिंग" आठवलं. मागच्या पुलीत एक तिरक्या खाचांची नळी असते, तिच्यात पिना सरकतात. आम्ही तिला टॉर्क ड्रायव्हर म्हणतो. चढावर मागच्या चाकाला जोर लागला की या तिरक्या खाचा पुलीचे दोन भाग एकमेकांवर पिळतात. त्यामुळे बेल्ट घट्ट पकडला जातो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरला येते. या पिनांना ग्रीस लागतंच, पण अगदी थोडं, आणि ते आत राहावं म्हणून वर ओ-रिंगा आणि सील असतात. मी वरची वाटी ओढून काढली तर ओ-रिंगा कडक होऊन चिरलेल्या होत्या आणि आत साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस ठासून भरलेलं. गाडी घाटात तापली की ते पातळ होऊन चिरांतून बाहेर यायचं आणि थेट बेल्टवर. मावशींची गाडी पहिल्या वळणाला न घसरता दुसऱ्या वळणानंतर का घसरायची, याचं उत्तर हे.

क्लच पाहिला. शूंवर अस्तर शिल्लक होतं, वाटीवर निळा डाग नव्हता. त्याला निर्दोष सोडला.

आणि मग रोलर. व्हेरिएटर उलटा करून टेबलावर रॅम्प प्लेट उचलली. सहा रोलर, प्रत्येकाची बाहेरची बाही नायलॉनची, आत धातूचं वजन. नव्या रोलरचा व्यास या गाडीत 16 मिलिमीटर. मी एकेक रोलर काचेवर ठेवून बोटानं ढकलला. गोल रोलर घरंगळतो. यांतला एकही घरंगळला नाही. प्रत्येकाला एक सपाट टाच पडली होती, काहींना दोन. टाचेवरून मोजलं तर चार रोलर 15 च्या आसपास, एक 14.8 आणि सहावा 14.6. त्या सहाव्याचं नायलॉन टाचेच्या जागी संपून आतला धातू चमकत होता. अशा रोलरना साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटरची झीज माफ असते. खोबणीत त्याच जागी धातूवर नख अडेल इतका खळगा पडायला लागला होता, आणि तिन्ही स्लाइड पीस बोटात धरून हलवता येत होते. सकाळची ती खडखड तीच.

रोलरला टाच का पडते

नावाला रोलर असला तरी तो फार कमी वेळ घरंगळतो. वेग बदलत असतो तेव्हाच तो खोबणीत पुढे-मागे होतो. एकाच वेगानं गाडी चालली की तो एकाच जागी दाबून बसतो. दाबून बसला तरी शांत नसतो. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. घाटात इंजिन साधारण 5,500 फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला 2,750 धक्के. त्या प्रत्येक धक्क्याला रोलर जागच्या जागी केसभर घासतो. घाटातली वीस मिनिटं म्हणजे पंचावन्न हजार वेळा, नायलॉनच्या एकाच रेघेवर. शहरात फिरणाऱ्या गाडीत ही झीज रोलरच्या पूर्ण अंगावर वाटली जाते. रोज एकाच घाटात, एकाच ओझ्यानं, एकाच 25-30 च्या वेगानं चढणाऱ्या गाडीत ती एका जागी साचते.

एकदा बारीकशी टाच पडली की रोलर तीच बाजू खाली घेऊन बसतो, चौकोनी खडा गडगडत नाही तसा. मग तो घरंगळायचं सोडून फरपटायला लागतो आणि टाच वाढत जाते. वेग वाढताना तो टाचेवर अडकतो, इंजिन वर चढतं, मग एकदम सुटतो आणि ताटली झटक्यानं पुढे येते. पंचवीस-तीसला बसणारा झटका म्हणजे सहा रोलर आपल्या टाचेवरून उठण्याचा क्षण होता. झटका दर वेळी एकाच वेगाला बसत असेल तर रोलरवर संशय घ्या. बेल्ट घसरतो तेव्हा वेग नेमका नसतो, ओझं आणि चढ नेमका असतो.

आता चार महिन्यांपूर्वीचा हिशेब जुळवा. तेव्हा गाडीत 34,000 किलोमीटर चाललेले टाचा पडलेले रोलर होते आणि झिजून अरुंद झालेला पहिला बेल्ट होता. दोघांनी मिळून टॉप स्पीड घालवला होता. त्या गॅरेजनं बेल्ट बदलला. नवा रुंद बेल्ट पुलीत दोन-तीन मिलिमीटर वर बसला आणि रोलरनं गमावलेली उंची त्यानं भरून काढली. गाडी पळायला लागली. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश, आणि रोलर तसेच आत. पंधरा-वीस दिवसांत ग्रीस बाहेर आलं, नवा बेल्ट घसरून झिजायला लागला आणि रोलरची खोट पुन्हा उघडी पडली. मार्करची सात मिलिमीटर रेघ नीट वाटून पाहिली तर रोलरची एक ते दीड मिलिमीटरची टाच म्हणजे दोन-तीन मिलिमीटर, बेल्टची 1.2 ची झीज म्हणजे आणखी अडीच, आणि नेहमी कडेला उरणारं एक-दीड. हिशेब जवळपास बसतो.

उलटंही होतं. अरुंद बेल्टवर नवे रोलर टाकले की गाडी काही दिवस बरी वाटते, आणि बेल्टचं उरलेलं आयुष्य कोणी मोजतच नाही. म्हणून माझ्याकडे यांतलं एक उघडलं की दुसरं मोजल्याशिवाय कव्हर बंद होत नाही.

काय केलं

सहाही रोलर, तिन्ही स्लाइड पीस आणि बेल्ट नवे टाकले. टॉर्क ड्रायव्हर धुऊन काढला, ओ-रिंगा आणि सील बदलले आणि खाचांत ठरलेलं ग्रीस जेमतेम चमचाभर भरलं. दोन्ही पुल्यांचे उतार पेट्रोलनं धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले. उतारावर नख फिरवून पायरी लागते का पाहिलं, लागली नाही. पायरी लागली असती तर ताटलीही बदलावी लागली असती, कारण नवा बेल्ट त्या पायरीवर अडून बसतो. कव्हरला हवा जाण्याच्या वाटेवर फोमचा छोटा फिल्टर होता, तो कासच्या रस्त्याच्या लाल धुळीनं पार बुजला होता. तोही धुतला. बेल्टला थंड ठेवणारी हवा तिथूनच येते आणि तो फिल्टर साफ करायचं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

रोलर या गाडीत कोरडेच बसतात. काही मॉडेलच्या पुस्तकात रोलरला ठरावीक ग्रॅम ग्रीस सांगितलेलं असतं, तिथे ते तेवढंच. इतर ठिकाणी "गुळगुळीत चालावं" म्हणून रोलरला ग्रीस लावणं म्हणजे धुळीला बसायला गादी घालणं. रोलरची एक बाजू नायलॉननं बंद असते आणि एक उघडी. खोबणीच्या ज्या भिंतीवर तो जोरानं टेकतो तिकडे बंद बाजू यायला हवी, म्हणजे उघडा धातू भिंतीला घासणार नाही. सहाचे सहा एकाच दिशेनं.

बसवताना एक जागा अशी आहे जिथे चांगल्या कामाची माती होते. मागची स्प्रिंग बेल्टला सतत ताणून धरते. त्यामुळे पुढे बेल्ट दोन ताटल्यांच्या मध्ये अडकलेला राहतो आणि पंखावाली ताटली मधल्या नळीपर्यंत, म्हणजे बॉसपर्यंत, पूर्ण आत बसत नाही. तशीच नट आवळली तर नट घट्ट झाल्यासारखी वाटते, पण ती बॉसवर नाही, बेल्टवर आवळलेली असते. दोनशे किलोमीटर गेले की बेल्ट जागेवर बसतो, नट सैल पडते आणि क्रँकच्या दात्यांवर ताटली डुलायला लागते. ते दाते गेले की खर्च हजारांत. म्हणून मी आधी मागच्या पुलीचे दोन भाग हातानं फाकवून बेल्ट तिथे खोल दाबतो, पुढे तो सैल लोंबला पाहिजे. मग पंखावाली ताटली हातानंच दात्यांवर पूर्ण आत जाते. हातानं गेली नाही तर पाना लावायचाच नाही. बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेनं, आणि बेल्टला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही. मुलगा शेजारी बसून पाहत होता, त्याला मी हात धुऊन यायला लावलं आणि बेल्ट त्याच्याच हातानं चढवून घेतला.

त्यानं विचारलं, "दादा, घाटासाठी हलके रोलर टाकायचे का? मित्रानं टाकलेत." हलके रोलर टाकले की गिअर उशिरा चढतो, इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं आणि चढावर गाडी तरतरीत वाटते. पण तेच इंजिन सपाटीवरही उगाच ओरडत राहतं आणि पेट्रोल पितं. मावशींचा प्रश्न पेट्रोलचाही होता, म्हणून कंपनीच्या वजनाचेच टाकले. सिलेंडर मात्र जीपनं वर पाठवा, असं सांगितलं. आणि चढावर थांबताना गाडी अ‍ॅक्सिलेटरवर तोलून धरू नका, ब्रेक धरा. तिथे बेल्ट नाही, पण क्लच जळतो.

मार्करच्या रेघा पुन्हा ओढल्या, फिरून आलो, उघडलं. कडेला दीड मिलिमीटर शाई. काटा 78 पर्यंत गेला. तेवढंच ओझं घेऊन घाटात गेलो, तर तिसऱ्या वळणानंतरही आवाज आणि वेग एकमेकांना धरून चालत होते.

तीन महिन्यांनी

कासचा फुलांचा हंगाम संपल्यावर मावशी स्वतःहून आल्या. मध्ये 2,900 किलोमीटर झाले होते. अ‍ॅव्हरेज वहीत 43 लिहिलेलं. मी कव्हर उघडून मोजमाप घेतलं. बेल्ट 18.3, कडा मिणमिणीत, भुकटी कोरडी, मागच्या पुलीवर एकही ओघळ नाही.

रोलर काचेवर ठेवले, सहाही घरंगळले. पण उजेडाकडे धरून फिरवल्यावर प्रत्येकाच्या अंगावर केसाएवढी एक पुसट चकाकती रेघ दिसत होती. सहाही रोलरवर सारखीच, खोबणीच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्यात जिथे आधीचा खळगा होता, बरोबर तिथेच टेकणारी. घाट तोच, ओझं जवळपास तेच, वेग तोच. मावशींच्या वहीत मी माझ्या हातानं लिहिलं: "50,000 ला रोलर उघडून मोजणे. बेल्ट ठीक दिसला तरी."